पनीर गेलं कुठं?
(हॉटेलच्या स्वयंपाकघरातला एक मटेरियल बॅलन्स)

मित्रहो, सुट्टीत लातूरला गेलो की मी चार-सहा दिवस मामांच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसतो. शुद्ध शाकाहारी, फॅमिली टाईप हॉटेल आहे. घरच्यांच्या मते मी तिथे 'मदत' करतो, मामांच्या मते फुकट पनीर खातो. दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे. पण मागच्या दिवाळीत मी पोचलो तेव्हा मामांचा चेहरा उतरलेला होता. गिऱ्हाईक भरपूर, गल्ला भरलेला, आणि महिनाअखेर हातात मात्र काही उरत नव्हतं.

"पनीर कुठं जाऊलालंय तेच कळंना झालंय," मामा म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी नजरेनंच स्वयंपाकघराकडे खूण केली. तिथं आचारीकाका उभे होते. मी चौथीत असल्यापासून मी त्यांना त्याच कढईसमोर बघतोय. मामांना संशय आला होता की माल मागच्या दारानं जातोय. दिवाळी झाली की हिशेब करून त्यांना रामराम करायचा, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

मी म्हणालो, "मामा, आधी मोजू तरी."

"मोजायचं काय त्यात? माल येतोय, संपतोय. दिसतंय की."

खरं सांगायचं तर मोजायचं म्हणजे नेमकं काय, हे त्यावेळी मलाही धड माहीत नव्हतं. पुढच्या दहा दिवसांत जे शिकलो ते इथं लिहितोय. त्यात माझी एक मोठी चूक आहे, तीही लिहितो. आपल्या मेसच्या बिलावरून दर महिन्याला जी चर्चा रंगते तिच्याशीही याचा संबंध आहे. पण तो शेवटी.

दोन आकडे

केमिकलवाल्या मित्रांना मटेरियल बॅलन्स शिकवावा लागत नाही. आत आलेलं वजा बाहेर गेलेलं म्हणजे आत साठलेलं. हॉटेलच्या स्वयंपाकघराला हेच लागू पडतं. फक्त तिथं दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट मोजायची असते.

पहिली वाट म्हणजे प्रत्यक्ष वापर. आठवड्याच्या सुरुवातीला शिल्लक किती होती, त्यात आठवडाभरात किती माल आला, आणि शेवटी किती उरला. सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी वजा शेवटची शिल्लक. एवढा माल स्वयंपाकघरातून नक्की गेला. कुठं गेला ते हा आकडा सांगत नाही.

दुसरी वाट म्हणजे हिशेबी वापर. आठवड्यात कोणत्या पदार्थाच्या किती प्लेट विकल्या हे बिलांवरून कळतं. एका प्लेटला कोणता जिन्नस किती ग्रॅम लागायला पाहिजे हे ठरलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करून सगळ्या पदार्थांची बेरीज केली की एवढाच माल जायला पाहिजे होता असा आकडा मिळतो.

दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे तफावत. सगळी गंमत आणि सगळा घोटाळा या तफावतीतच असतो.

ही कल्पना काही आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा पंधरावा अध्याय कोठारप्रमुखावर आहे. कोणतं धान्य कांडल्यावर किती कमी भरतं आणि शिजवल्यावर किती वाढतं, याची प्रमाणं तिथं दिली आहेत. कोठारातून किती दिलं आणि पानात किती पडायला पाहिजे, हे ताडून बघायचं असेल तर असं प्रमाण लागतंच. आज बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण त्याला 'रेसिपी' म्हणून भरतो, एवढाच फरक.

आठवडाभराची मोजणी

सगळाच माल मोजायला घेतला असता तर दिवाळीनंतरची परीक्षा बुडाली असती. म्हणून मी फक्त पनीर घेतलं. कारण ते महाग आहे, रोज येतं, लवकर खराब होतं आणि मामांचा संशयही त्याच्यावरच होता. जिरे वीस टक्के जास्त गेले तरी हॉटेल बुडत नाही. पनीर दहा टक्के जास्त गेलं तर बुडू शकतं. तफावत टक्क्यांत नाही, रुपयांत बघायची, हा पहिला धडा.

शिल्लक मोजायची वेळ एकच पाहिजे. मी सोमवारी सकाळी साडेसहाला, डेअरीची गाडी यायच्या आधी मोजली, आणि पुढच्या सोमवारीही त्याच वेळेला. एकदा गाडी आल्यावर आणि एकदा यायच्या आधी मोजलं तर एका दिवसाचा माल हवेत तयार होतो किंवा हवेत विरतो. दुसरं म्हणजे फ्रीजमधला लगडीचा माल तेवढाच मोजून चालत नाही. कापून ठेवलेले तुकडे, टिक्क्यासाठी मसाला लावून ठेवलेलं पनीर, सगळं धरावं लागतं. मसाला लावलेल्यातून मसाल्याचं वजन अंदाजानं वजा केलं.

आकडे असे आले. सुरुवातीला 4 किलो. रोज 9 किलोप्रमाणे सात दिवसांत आलेलं 63 किलो. शेवटी उरलेलं 3 किलो. म्हणजे प्रत्यक्ष वापर 64 किलो.

आता हिशेबी वापर. प्रमाण विचारायला मी मामांकडे गेलो. त्यांनी हॉटेल सुरू करताना एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. पनीरच्या रस्साभाज्या, म्हणजे पनीर मसाला, कढाई पनीर वगैरे, यांना प्लेटला 120 ग्रॅम. टिक्क्याला 150 ग्रॅम. मिक्स व्हेजसारख्या भाज्यांत 40 ग्रॅम. बिलांवरून प्लेटा मोजल्या. रस्साभाज्या 310, टिक्का 50, मिक्स भाज्या 120. गुणाकार करून बेरीज आली 49.5 किलो.

64 वजा 49.5. तफावत साडेचौदा किलो! मामांना पनीर 300 रुपये किलोनं पडत होतं. म्हणजे आठवड्याला चार हजार तीनशे पन्नास रुपये कुठंतरी गायब.

माझी चूक

इथं मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी तो कागद तसाच मामांच्या हातात दिला. आपण काहीतरी शोधून काढलं, या आनंदात होतो. मामांनी कागद बघितला आणि आचारीकाकांना तिथंच, पोरांच्या समोर, बोलावलं.

काकांनी कागद घेतला नाही. त्यांना वाचता येतं, पण घेतला नाही. ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाले, "शेठ, माझी पिशवी रोज बघत जावा. पण आधी हे सांगा, ह्या पोरानं थाळी धरली का?"

मी गप्प. थाळी धरली नव्हती.

हॉटेलच्या स्पेशल थाळीत एक वाटी पनीरची भाजी असते. पण बिलावर 'स्पेशल थाळी' एवढंच छापून येतं, पनीर हा शब्दच नसतो. मी बिलांत 'पनीर' शोधत होतो, म्हणून ती निसटली. आठवड्यात 84 थाळ्या गेल्या होत्या, वाटीत 50 ग्रॅम. म्हणजे 4.2 किलो पनीर गिऱ्हाइकांनी पैसे देऊन खाल्लेलं होतं आणि मी ते चोरीत धरलं होतं.

मित्रांनो, तफावत म्हणजे चोरी नव्हे. तफावत म्हणजे 'मला माहीत नसलेलं'. त्यातला पहिला वाटा बहुतेक वेळा हिशेब करणाऱ्याच्याच अज्ञानाचा असतो. हे मी पुस्तकात नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शिकलो.

थाळी धरून नवा हिशेब कॉम्प्युटरवर केला. ज्यांना करून बघायचा असेल त्यांच्यासाठी एक ओळ देतो. B रकान्यात प्लेटांची संख्या, C रकान्यात प्लेटला लागणारे ग्रॅम, खाली चार ओळी, आणि उत्तर किलोत:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/1000
```

उत्तर आलं 53.7. तफावत साडेचौदावरून 10.3 किलोवर आली. अजून दहा किलो शोधायचं होतं. यावेळी मात्र मी काकांना म्हणालो, "काका, तुम्ही सोबत असाल तरच मोजतो." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारली.

पाणी आणि पाहुणे

सकाळी डेअरीवाला पनीर पाण्याच्या डब्यातून काढून थेट काट्यावर ठेवायचा. काकांनी त्यातली 5 किलोची लगड उचलून जाळीच्या ट्रेवर ठेवली आणि म्हणाले, "अर्ध्या तासानं बघ." अर्ध्या तासानं ट्रेखाली पाणी साचलं होतं. कडेचा उंचसखल भाग कापून काढल्यावर कामाचं पनीर भरलं 4.8 किलो. म्हणजे शंभरात चार भाग आपण पनीरच्या भावानं पाणी आणि कडा विकत घेत होतो. 64 किलोवर हे अडीच किलो होतं. कडा वाया जात नव्हत्या, त्या ग्रेव्हीत किसून जात होत्या. पण वहीतल्या प्रमाणात त्या धरलेल्या नव्हत्या.

या गोष्टीला 'यील्ड' म्हणतात. कांद्याची सालं, कोथिंबिरीचे देठ, फ्लॉवरचा दांडा, सगळ्यांना हे लागू आहे. विकत घेतलेलं वजन आणि कढईत पडलेलं वजन वेगळं असतं. हिशेबी वापर कढईतल्या वजनानं आणि खरेदी बाजारातल्या वजनानं धरली तर तफावत कायमच दिसणार, आचारी कितीही प्रामाणिक असो. पुस्तकातला टक्का घेऊ नये. आपल्याच मालावर, आपल्याच काट्यावर दोन-तीनदा बघून घ्यावा.

राहिले 7.8 किलो.

त्यानंतरचा शोध जरा नाजूक होता. गुरुवारी मामांच्या घरी पाहुणे होते. मामींनी फोन केला आणि हॉटेलातून दीड किलो पनीर घरी गेलं. घेऊन गेलेला गडी मीच! बिल नाही, नोंद नाही. मामा आधी हसले, मग गप्प झाले. मालकानं नेलं तरी स्टॉकमधून जातंच, आणि नोंद नसली की ते दुसऱ्याच्या नावावर चढतं. त्या दिवसापासून दाराला एक वही टांगली. घरी नेलेलं, कामगारांच्या जेवणाला लागलेलं, खराब झालं म्हणून टाकलेलं, परत आलेली प्लेट, सगळं त्यात. तारीख, वजन आणि कारण, एवढंच लिहायचं.

राहिले 6.3 किलो.

एक मिलिमीटर

आता प्लेटमध्ये खरोखर किती पडतंय ते बघायचं होतं. गर्दीच्या वेळी काटा मध्ये आणला असता तर काकांनी मलाच तळला असता. काका वजन करून टाकतच नाहीत, ते तुकडे मोजून टाकतात. रस्साभाजीला आठ तुकडे. हात इतका बसलेला की न बघता आठच पडतात. मी वीस प्लेटा बघितल्या, वीसही वेळा आठच.

मग आठ गुणिले पंधरा म्हणजे 120 ग्रॅम. बरोबर आहे की! वहीतलं प्रमाण याच हिशेबानं लिहिलेलं होतं.

काका म्हणाले, "तुकडा तोल."

तोलला. एक तुकडा 15 ग्रॅम नाही, जवळजवळ 17 ग्रॅम भरला. दहा तुकडे एकदम तोलले तर 170. पनीर कापणारा जुना माणूस दोन महिन्यांपूर्वी गाव सोडून गेला होता. त्याच्या जागी नवीन पोरगा आला होता. जुन्याचे तुकडे 2.4 सेंटिमीटरचे असायचे, नव्याचे 2.5 सेंटिमीटरचे. फूटपट्टी लावूनच बघितलं. फरक एका मिलिमीटरचा!

आपण इंजिनिअरिंगवाले इथं थांबलो पाहिजे. बाजू एक मिलिमीटरनं वाढली, म्हणजे साधारण 4 टक्के. पण तुकड्याला लांबी आहे, रुंदी आहे आणि जाडीही आहे. घनफळ बाजूच्या घनाप्रमाणे वाढतं. 2.5 भागिले 2.4, त्याचा घन, म्हणजे 1.13. वजन 13 टक्क्यांनी वाढलं. डोळ्याला एक मिलिमीटर दिसत नाही. न काकांना दिसला, न मामांना, न गिऱ्हाइकाला. काट्याला मात्र दिसला.

प्लेटला 16 ग्रॅम जास्त, 310 प्लेटा. जवळजवळ 5 किलो. (टिक्क्याचे मोठे तुकडे काका स्वतः कापतात आणि थाळीची भाजी पळीनं वाढतात. ती दोन्ही तोलली, बरोबर निघाली.)

राहिले 1.3 किलो. विकलेल्या हिशेबाच्या अडीच टक्क्यांच्या आत. यात काट्याची चूक असेल, चव बघायला खाल्लेले तुकडे असतील, मी खाल्लेले तर नक्कीच असतील. एवढी तफावत शिल्लक ठेवून मी कागद बंद केला. शून्य तफावत आली असती तर उलट कुणीतरी आकडे जुळवलेत असं समजलो असतो.

मामांनी कागद दोनदा वाचला. मग उठून स्वयंपाकघरात गेले. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, आणि विचारलंही नाही. काका आजही तिथंच आहेत.

यानंतरचा वाद मात्र माझ्यासमोर झाला. मामा म्हणाले, तुकडा परत छोटा करा. काका म्हणाले, "दोन महिने गिऱ्हाइकाला मोठा तुकडा दिला, आता कमी करायचा का?" त्यांचंही खरं होतं. ते पाच किलो पनीर कचऱ्यात गेलेलं नव्हतं, गिऱ्हाइकाच्या पोटात गेलं होतं. ही नासाडी आहे की सेवा आहे, हे गणित सांगत नाही. गणित फक्त एवढं सांगतं की तुम्ही 136 ग्रॅम देताय आणि किंमत 120 ग्रॅमची लावताय. तुकडा बदला किंवा किंमत बदला. मामांनी तुकडा बदलला.

त्याला प्रत्येक प्लेट तोलायची गरज पडली नाही. पनीर कापून झालं की 80 तुकडे, म्हणजे दहा प्लेटांचे, एकदम काट्यावर ठेवायचे. 1.2 किलोच्या आसपास भरले पाहिजेत. 1.3 च्या वर गेले की सुरी सांभाळ, एवढंच त्या पोराला सांगितलं. डेअरीवाल्यालाही पाणी निथळल्यावर तोलायला लावलं. पुढच्या महिन्यात मामांनी स्वतः एक आठवडा मोजून मला फोनवर आकडे सांगितले. हिशेबी 51 किलो, प्रत्यक्ष 53. फोनवर ते एखादा निकाल वाचून दाखवावा तसं बोलत होते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या घरांत पाणी तांब्यानं मोजलं जायचं. मामा म्हणाले, "पाणी मोजायला दुष्काळानं शिकवलं, पनीर मोजायला तू."

तेलाचा डबा: जाता जाता

पनीर सुटल्यावर मामांना चेव आला आणि त्यांनी तेल काढलं. वहीत आठवड्याला पाच डबे, डबा पंधराचा, म्हणजे 75 किलो. हिशेबापेक्षा सहा-सात किलो जास्त. यावेळी मी आधी डब्यावरचं लेबल वाचलं. पूर्वी यायचा तो डबा 15 किलोचा होता. मध्ये ब्रँड बदलला होता आणि हा डबा 15 लिटरचा होता. सोयाबीन तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला 910 ग्रॅमच्या आसपास. 15 लिटर म्हणजे 13.65 किलो. पाच डब्यांत पावणेसात किलो तेल कधी हॉटेलात आलंच नव्हतं! वहीत मात्र आलं होतं.

तेलाबद्दल एक सावधगिरीही सांगतो. तळणाचं तेल परत परत तापवून वापरलं की खराब होतं. त्यातल्या टोटल पोलर कंपाउंड्सचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते वापरायचं नाही, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. म्हणजे तेल टाकून देणं ही नासाडी नाही, तो स्वयंपाकाचा भाग आहे. तफावत कमी दिसावी म्हणून कुणी कढईतलं काळं तेल आणखी दोन दिवस ओढलं तर कागद छान दिसेल आणि पोटं बिघडतील. टाकलेलं तेल वहीत लिहायचं, त्यावरून कुणाला बोलायचं नाही.

नांदेडला परत

सुट्टी संपवून नांदेडला परत आलो. साहजिकच मेसमध्ये ताटावर बसलो की डोक्यात काटा सुरू. पण इथं अडचण वेगळी आहे. हॉटेलला प्लेटेचं बिल असतं, मेसला नसतं. मग हिशेबी वापर कशावरून काढायचा? आपल्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये तर येईल त्याला जेवण, तिथं बिलाचा प्रश्नच नाही. तिथं पंगतीच्या अनुभवावरच कणीक भिजते. आपल्याकडे निदान हजेरी आहे. हजेरी गुणिले माणशी प्रमाण, हाच आपला हिशेबी वापर.

मेसच्या काकूंच्या परवानगीनं मी एका रात्री फक्त पोळ्या मोजल्या. 10 किलो कणकेला साधारण 6 लिटर पाणी, म्हणजे 16 किलो गोळा. 40 ग्रॅमचा उंडा धरला तर 400 पोळ्या व्हायला पाहिजेत. झाल्या 372. कारण उंडा 43 ग्रॅमचा पडत होता. पुन्हा तेच, तीन ग्रॅम. लातूरच्या पनीरचा भाऊच म्हणायचा. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बारीक केली तर तुम्हीच म्हणता पोळी पापडासारखी झाली." हेही खरं.

पण त्या रात्री दुसरी एक गोष्ट कळली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जेवणं झाल्यावर ताटातलं उष्टं टाकायची बादली मी काट्यावर ठेवली. 180 जण जेवले होते. बादलीत साडेसहा किलो अन्न होतं, म्हणजे माणशी 36 ग्रॅम. जवळजवळ एकेक पोळी! आणि हे अन्न माझ्या कोणत्याही हिशेबात दिसत नव्हतं. कारण हिशेबाच्या दृष्टीनं ते वाढलेलं होतं, म्हणजे 'वापरलेलं' होतं. हिशेबी आणि प्रत्यक्ष वापर अगदी तंतोतंत जुळला असता, तरी बादली तेवढीच भरली असती.

ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि ती नीट लक्षात ठेवली पाहिजे. ती कोठारापासून ताटापर्यंतच बघते. ताटापासून बादलीपर्यंतचं तिला दिसत नाही. आणखी एक आंधळी जागा आहे. एका भाजीत पनीर जास्त पडलं आणि दुसरीत तेवढंच कमी पडलं, तर बेरीज जुळते आणि दोन्हीकडची गिऱ्हाइकं फसतात. म्हणून बेरीज जुळली तरी अधूनमधून एखादी प्लेट तोलून बघावी.

मेस कमिटीपुढे मी दोनच गोष्टी मांडल्या आहेत. रेक्टर सरांनी त्या ऐकून घेतल्या आहेत. पहिली, महिन्यातून एक आठवडा फक्त तीन जिन्नस मोजायचे: कणीक, तेल आणि तूरडाळ. त्याच वेळेला, त्याच काट्यावर, आणि मेसच्या माणसांना सोबत घेऊन. दुसरी, त्याच आठवड्यात रोज रात्री बादलीचं वजन करून नोटीसबोर्डवर लिहायचं. पहिला आकडा स्वयंपाकघराचा असेल. दुसरा आपला, जेवणाऱ्यांचा. दोन्ही शेजारी शेजारी लागले म्हणजे महिनाअखेरीच्या चर्चेत कोण कुणाला काय बोलतंय ते तरी कळेल.

आणि तफावत निघाली, तर निदान पहिल्या दिवशी कुणाचं नाव घेऊ नका. आधी थाळी धरली का ते बघा. मग डब्यावर लिटर लिहिलंय की किलो ते वाचा. मग तुकडा तोला. एवढं करूनही काही उरलं, तर मग बोलू.